एका एसओपीचे चार खर्डे: बालदंतवैद्यक रेसिडेन्सीचा एक अर्ज

भारतात एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाची जागा नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेच्या रँकवर ठरते. पेडो म्हणजे बालदंतवैद्यक हवं की ऑर्थो म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याची शाखा, हे समुपदेशनाच्या फेरीत कोणती जागा उरली आहे यावर अवलंबून असतं. तुम्हाला लहान मुलांवरच उपचार का करायचे आहेत, असं त्या पूर्ण प्रक्रियेत एकदाही कुणी विचारत नाही. म्हणूनच आपल्याकडचा हुशार, मेहनती बीडीएस पदवीधर अमेरिकेतल्या पेडियाट्रिक डेंटिस्ट्री रेसिडेन्सीचा अर्ज भरायला बसतो आणि एसओपीच्या, म्हणजे हे शिक्षण का हवं ते सांगणाऱ्या निवेदनाच्या पानाशी अडकतो. सगळं आयुष्य परीक्षा देण्यात गेलेलं असतं आणि आता अचानक स्वतःबद्दल एक पान लिहायचं असतं.

मी स्वतः बालदंतवैद्य आहे, इथे अमेरिकेत रेसिडेन्सी केली आणि गेली काही वर्षं महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्या मुलामुलींचे खर्डे वाचून देते. त्यातलाच एक अर्ज इथे सविस्तर मांडते आहे. अर्जदार मुलीची परवानगी घेतली आहे. तिची आणि तिच्या रुग्णांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डेंटल कॉलेजची. बीडीएस, वर्षभराची इंटर्नशिप, मग एक वर्ष नीट-एमडीएसची तयारी, त्यात पेडोची जागा मिळाली नाही, मग एका खाजगी दवाखान्यात नोकरी. नोकरी करता करता तिने आयएनबीडीई ही अमेरिकन परीक्षा दिली आणि ती पास झाली. अर्ज पास नावाच्या केंद्रीय पद्धतीतून जायचा होता. इथे एक व्यावहारिक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. पासमधलं निवेदन एकच असतं आणि तुम्ही निवडलेल्या सगळ्या प्रोग्रामना तेच जातं. त्यामुळे त्यात एखाद्या विद्यापीठाचं नाव घालता येत नाही, घातलं तर ते बाकी सगळ्यांकडेही पोहोचतं. जागा साधारण पानभर. परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांना सगळेच प्रोग्राम घेत नाहीत, ते प्रत्येक ठिकाणचं पान वाचून आधीच गाळून घ्यावं लागतं. तिने ते काम चोख केलं होतं. अडचण होती ती निवेदनाची.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होती (मूळ इंग्रजीत, मी मराठीत सांगते): लहानपणापासून मला मुलं फार आवडतात. निरागस मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू हाच माझ्यासाठी सर्वात मोठा पुरस्कार आहे. यापुढे दोन परिच्छेद बक्षिसं, पोस्टर प्रेझेंटेशन, मौखिक आरोग्य सप्ताह. मग एक परिच्छेद ग्रामीण भागातल्या अज्ञानावर. शेवटी अमेरिकेतल्या प्रगत तंत्रज्ञानाची स्तुती.

निवड समितीत बसणारे लोक असे अर्ज गठ्ठ्याने वाचतात. मुलं आवडतात हे अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच लिहावंसं वाटतं, म्हणून त्या वाक्यातून एका अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. समितीला वेगळं काहीतरी पाहायचं असतं. हा माणूस रडणाऱ्या चार वर्षांच्या मुलासमोर उभा राहिला तेव्हा त्याला काय दिसलं, त्याने काय केलं, आणि जे जमलं नाही ते त्याला जमलं नाही म्हणून ओळखता आलं का. दोन वर्षांच्या रेसिडेन्सीत तंत्र शिकवता येतं. नजर मात्र अर्जदाराने थोडीफार घेऊन यावी लागते.

मी तिला फोन केला आणि विचारलं, "इंटर्नशिपमधलं कुठलं मूल अजून डोळ्यांसमोर येतं?"

ती क्षणभरही थांबली नाही. "ताई, ऊसतोडीच्या कॅम्पमधली एक मुलगी होती. पण ती केस काही खास नाही. काहीच धड पूर्ण झालं नाही तिचं."

मी म्हटलं, तीच लिही.

तिच्या कॉलेजचं पथक गळीत हंगामात साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड मजुरांच्या तळावर तपासणीला जायचं. मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या, खोप्या, आणि पहाटे अंधारातच फडावर जाणारी आई. मूल झोपेत राहावं म्हणून बाटलीत गोड चहा किंवा साखर घातलेलं दूध, आणि दिवसभर बिस्किटांचा पुडा. मुलगी साडेचार वर्षांची. वरचे पुढचे चारही दुधाचे दात हिरडीपर्यंत किडलेले, खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांमध्ये हे चित्र नेहमी दिसतं, कारण खालचे दात जीभ आणि लाळेखाली झाकलेले राहतात. मागच्या दाढांमध्येही कीड होती आणि खाली डावीकडच्या पहिल्या दाढेखाली हिरडीवर पुवाची लहानशी पुळी आलेली होती. रात्री रडते, असं आई म्हणाली.

दुसऱ्या खर्ड्यात ही मुलगी आली, पण नवा घोटाळा घेऊन आली. अर्जदाराने लिहिलं होतं की कॅम्पमध्येच सर्व किडलेल्या दातांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं आणि मुलीची वेदना थांबली. अडतीस टक्क्यांचं हे द्रावण कीड जागीच थांबवायला उत्तम आहे, सुई नाही, ड्रिल नाही, कॅम्पसाठी तर फारच सोयीचं. पण ज्या दाढेखाली पू झाला आहे, म्हणजे ज्या दाताची नस संसर्गाने मेली आहे, तिथे ते लावून काही उपयोग नसतो. हे वाक्य वाचणारा प्रत्येक बालदंतवैद्य तिथेच थबकला असता आणि पुढचं सगळं संशयाने वाचलं असतं.

मी विचारलं, खरंच लावलंस का? तर नाही. खरी हकीकत अशी होती की न दुखणाऱ्या किडलेल्या दाढांवर द्रावण लावलं होतं, पू झालेली दाढ नंतर कॉलेजमध्ये बोलावून काढली होती, आणि पुढच्या चार दातांवर काहीच लावलं नव्हतं. कारण आईने नको म्हटलं. द्रावणाने किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे इंटर्नने दाखवलेल्या फोटोत आईने पाहिलं आणि म्हणाली, पोरीचं तोंडच काळं दिसेल. अर्जदाराने जागा वाचवायला म्हणून हे सगळं एका वाक्यात कोंबलं होतं, आणि कोंबताना केसमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आणि आईचा नकार, दोन्ही गळून पडले होते. एसओपीत क्लिनिकल चूक शिरते ती बहुतेक वेळा अशीच. अर्जदाराला माहिती असतं, पण संक्षेप करताना ते खोटं होऊन बसतं. हे पकडण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: लिहिलेलं प्रत्येक क्रियापद घेऊन विचारायचं की हे कुणी केलं, कधी केलं आणि कोणत्या दातावर केलं.

पण त्या खर्ड्यातली खरी धोक्याची ओळ वेगळीच होती. इंटर्नशिपमधल्या दुसऱ्या एका मुलाबद्दल, अभिमानाने लिहिलेली. साडेतीन वर्षांचा मुलगा ओरडत होता, हात-पाय झाडत होता. आम्ही तिघांनी त्याला धरून ठेवलं, सिनियरनी तोंडावर हात ठेवून त्याला शांत केलं आणि दोन मिनिटांत दात काढला. कठीण परिस्थितीत टीमवर्क आणि प्रसंगावधान मी तिथे शिकले.

आपल्याकडच्या अनेक ओपीडींमध्ये हे चालतं. बाहेर रांग असते, आई-बापांनाही घाई असते, आणि इंटर्नला ते चुकीचं आहे असं कुणी सांगितलेलं नसतं. तोंडावर हात ठेवण्याचं हे तंत्र एके काळी पाठ्यपुस्तकांत होतं. अमेरिकन बालदंतवैद्यक अकादमीने ते २००६ साली आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून काढून टाकलं. मुलाला धरून ठेवणं पूर्णपणे बंद नाही, पण त्यासाठी पालकांची माहितीपूर्वक संमती लागते, दुसरे मार्ग का चालले नाहीत ते नोंदवावं लागतं, आणि कमीत कमी बळ वापरावं लागतं. त्यामुळे तिने गुण म्हणून लिहिलेली ओळ समितीला सरळ धोक्याची खूण वाटली असती: या व्यक्तीला आमच्या क्लिनिकमधल्या मुलांजवळ जाऊ द्यावं का?

सोपा उपाय होता ओळ खोडण्याचा. मी तसं सुचवलं नाही. तिला विचारलं, त्या मुलाचं पुढे काय झालं?

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "आठवड्याने त्याची आई घेऊन आली होती, दुसऱ्या दाताला. तो दारातच थांबला. आत आलाच नाही. मी दिसल्यावर आईच्या मागे लपला." थोडं थांबून म्हणाली, "ताई, म्हणूनच त्या ऊसतोडीच्या मुलीला मी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही."

या दोन वाक्यांमध्ये तिची सगळी एसओपी होती आणि ती तिने लिहिलीच नव्हती. त्या मुलाच्या भीतीने तिची काम करायची पद्धत बदलली होती. हे समितीला सांगण्यासारखं होतं, फक्त सिनियरवर दोष ढकलायचा नाही आणि स्वतःचं कौतुकही करायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं होतं.

मग आम्ही त्या मुलीच्या दोन भेटी बारकाईने उलगडल्या. कॉलेजमध्ये पहिल्या भेटीला ती खुर्चीवर बसायला तयार नव्हती, तोंड घट्ट मिटलेलं, पण रडत नव्हती आणि आईचा हात धरून उभी होती. मुलांच्या वागणुकीसाठी फ्रँकलची चार पायऱ्यांची श्रेणी वापरतात. सगळ्यात खालची पायरी म्हणजे पूर्ण नकार आणि जोरात रडणं. दुसरी म्हणजे नाखुशी, रुसवा, सहकार्य नाही. ही मुलगी दुसरीत बसत होती. गालावर सूज नव्हती, ताप नव्हता, म्हणजे त्याच दिवशी दात काढायलाच हवा अशी वैद्यकीय निकड नव्हती. अर्जदाराने आईच्या मांडीवर बसवून मुलीचे दात मोजले, आरसा मुलीच्या हातात दिला, हवेचा फवारा आधी स्वतःच्या आणि मग मुलीच्या तळहातावर मारून दाखवला. सांगा, दाखवा, मग करा, ही जुनी पद्धत. नंतर फक्त मऊ ब्रशने दात पुसले आणि न दुखणाऱ्या किडलेल्या दाढांवर द्रावण लावलं. दुसऱ्या भेटीत आधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावली, मग भूल दिली आणि दाढ काढली. मुलगी रडली. पण तिला कुणी धरलं नाही, आणि काम झाल्यावर ती स्वतःहून खुर्चीवरून उतरली.

तिसऱ्या खर्ड्यातला हा परिच्छेद मराठीत साधारण असा येईल:

"इंटर्नशिपच्या सुरुवातीला एका साडेतीन वर्षांच्या मुलाचा दात काढताना त्याला धरण्यात मीही होते. उपचार झाला, पण पुढच्या आठवड्यात तो क्लिनिकच्या दारातून आत आला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी साडेचार वर्षांच्या एका स्थलांतरित मजुराच्या मुलीला मी पहिल्या भेटीत इंजेक्शन दिलं नाही. ताप आणि पसरणारी सूज नसल्याची खात्री केल्यावर माझ्या शिक्षकांच्या संमतीने दात काढणं दुसऱ्या भेटीवर ठेवलं. ती रडली, पण तिला धरावं लागलं नाही. तिच्या वरच्या पुढच्या दातांवर मात्र मी काही करू शकले नाही. काळ्या डागामुळे आईने सिल्व्हर डायअमाइन नाकारलं, आणि पर्याय म्हणून लागणारे उपचार तिला जागेपणी सहन झाले नसते. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि कुटुंब गावी परतलं."

या परिच्छेदात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला अर्जदाराबद्दल बरंच कळतं. तिला निकड आणि सवड यातला फरक समजतो. आईच्या नकाराला ती अज्ञान म्हणत नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली काम केलं हे ती लपवत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण इंटर्नने स्वतःच सगळं ठरवलं असा आव आणला की समितीचा विश्वास उडतो. शिवाय शेवटच्या दोन वाक्यांतून पुढच्या प्रशिक्षणाची गरज आपोआप उभी राहते. चार दातांचे उपचार एका बैठकीत, झोपवून किंवा लाफिंग गॅसखाली करता आले असते तर ते पट्टा पडण्याआधी झाले असते. बीडीएसच्या अभ्यासक्रमात हे हाताने शिकायला मिळत नाही. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त पेडो रेसिडेन्सीत सेडेशन आणि ऑपरेशन थिएटरमधलं काम हा प्रशिक्षणाचा अनिवार्य भाग आहे. पहिल्या खर्ड्यातलं "प्रगत तंत्रज्ञान" आम्ही खोडलं आणि त्या जागी हे एक वाक्य घातलं.

दुसरा धागा तिलाच सुचला. अमेरिकेतही शेतमजुरांची कुटुंबं हंगामाप्रमाणे फिरतात, आणि १९६२ च्या मायग्रंट हेल्थ अ‍ॅक्टपासून त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या निधीवर दवाखाने चालतात. काही पेडो प्रोग्रामचे रेसिडेंट अशा सामुदायिक दवाखान्यांत कामाला जातात. तिने लिहिलं की एका जागी न राहणाऱ्या मुलांचे उपचार कसे आखायचे, किती भेटी गृहीत धरायच्या आणि पुढच्या दवाखान्याकडे माहिती कशी सोपवायची, हे तिला शिकायचं आहे. कुठल्याही प्रोग्रामचं नाव न घेता ती ज्या प्रकारचे प्रोग्राम शोधते आहे ते यातून स्पष्ट झालं. हे वाक्य वरवरचं राहिलं नाही, कारण त्याच्या मागे एक खरी मुलगी होती.

नीट-एमडीएसच्या वर्षाबद्दल आमचा थोडा वाद झाला. तिला ते वर्ष गाळायचं होतं, लाज वाटत होती. पण तारखा अर्जात इतरत्र दिसतातच, आणि न सांगितलेली पोकळी वाचणाऱ्याच्या मनात मोठी होते. शेवटी दोन वाक्यं ठरली: एक वर्ष भारतातल्या प्रवेश परीक्षेची तयारी केली, पेडोची जागा मिळाली नाही आणि दुसरा विषय घेण्याऐवजी मुलांचे रुग्ण जास्त येणाऱ्या दवाखान्यात काम पत्करलं. दुसरी शाखा नाकारली हेच खरं तर पेडोविषयीच्या ओढीचा पुरावा होता. मुलं आवडतात या वाक्याने जे साधलं नव्हतं ते इथे साधलं.

चौथा खर्डा म्हणजे फक्त कात्री. मौखिक आरोग्य सप्ताह गेला, पोस्टर गेलं, तो सगळा मजकूर बायोडेटात आहेच. मुलीचं वय, हंगाम आणि दातांचे तपशील ठेवले, कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव काढलं, कारण त्या दोन्हींवरून लहान तळावरचं कुटुंब ओळखता आलं असतं. इंग्रजी मी जाणूनबुजून सफाईदार केलं नाही. तिच्या वाक्यांची लांबी आणि शब्द तिचेच राहिले, कारण मुलाखतीत तोच आवाज ऐकू यायला हवा. जे पान दुसऱ्याने लिहून दिलेलं असतं ते मुलाखतीच्या पहिल्या उलट प्रश्नाला उघडं पडतं.

आणि तसा उलट प्रश्न आलाच. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी ते पान समोर ठेवून विचारलं, खालची पहिली दाढ साडेचार वर्षांच्या वयात काढलीत, मग स्पेस मेंटेनर का नाही बसवला? प्रश्न अगदी रास्त होता. सहा वर्षांच्या सुमाराला येणारी कायमची दाढ पुढे सरकू नये म्हणून अशा मोकळ्या जागेत बँड आणि लूपचं छोटं उपकरण बसवायचा विचार करतातच. तिने सांगितलं की तो विचार झाला होता. पण ते उपकरण दर काही महिन्यांनी तपासावं लागतं, सिमेंट सुटलं तर त्याखाली अन्न अडकून शेजारचा दात किडतो, आणि कुटुंब काही आठवड्यांत निघणार होतं. म्हणून शिक्षकांशी बोलून ते बसवलं नाही, आईला मराठीत एक चिठ्ठी लिहून दिली की मागची नवी दाढ दिसायला लागली की जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या दंत विभागात दाखवा. आईला वाचता येत नव्हतं म्हणून ती चिठ्ठी मुकादमाच्या बायकोकडून वाचून घेतली होती.

ही चिठ्ठी एसओपीत नव्हती. मला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. जागाच नव्हती, असं ती म्हणाली.

एका मुद्द्यावर मात्र तिने माझं ऐकलं नाही. निवेदनाच्या शेवटी तिने मूळ खर्ड्यात मराठवाड्यात मुलांसाठी रुग्णालय उभारण्याचं स्वप्न लिहिलं होतं. ते मोठं आणि अधांतरी वाटतं म्हणून मी काढायला सांगितलं. तिने ते काढलं, पण त्या जागी प्रशिक्षणानंतर गळीत हंगामाच्या महिन्यांत त्याच भागातल्या तळांवर उपचार पथक चालवायचा विचार लिहिला, आणि तोही काढ असं मी सांगूनही तिने तो ठेवला. मॅच, म्हणजे अर्जदार आणि प्रोग्राम यांची जुळणी होऊन तिला जागा मिळाली ती एका रुग्णालयाशी जोडलेल्या दोन वर्षांच्या प्रोग्राममध्ये, जिथे रेसिडेंट आठवड्यातला ठरावीक वेळ सामुदायिक दवाखान्यात काम करतात. तिथल्या संचालकांनी मुलाखतीत जास्तीत जास्त प्रश्न त्या ओळीवरच विचारले होते: हंगाम किती महिन्यांचा असतो, मुलं परत त्याच तळावर येतात का, गेल्या वर्षीची नोंद पुढच्या वर्षी कशी शोधणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार नव्हतं. आई-वडिलांची जोडी मिळून एक कोयता म्हणून नोंदली जाते आणि टोळी मुकादमाच्या नावावर असते, तेव्हा मुलाची नोंद मुकादमाच्या नावाशी जोडून ठेवता येईल का, असा विचार तिने तिथेच बोलून दाखवला. मुकादम बदलला तर काय, असं संचालकांनी विचारलं, आणि मुलाखतीची उरलेली वेळ त्यावरच गेली.